मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज पुढे पाठवण्याआधी कसा तपासावा

प्रश्न: आमच्या घरच्या ग्रुपवर काल रात्री काकांनी एक मेसेज टाकला. मोटारसायकलवरून मूल उचलून नेतानाचा व्हिडिओ आणि ‘आपल्या तालुक्यात टोळी फिरतेय’ असं सांगणारी ऑडिओ क्लिप. बहिणीची मुलं लहान आहेत, तिला पाठवावं असं वाटतं, पण खोटं निघालं तर? असं काही पुढे पाठवण्याआधी आपलं आपण कसं तपासायचं?

उत्तर:

तुमच्याकडे एक मेसेज आलेला नाही, तीन आलेत: मजकूर, व्हिडिओ आणि ऑडिओ. बहुतेक वेळा हे तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वर्षी तयार झालेले असतात आणि कुणीतरी ते एकत्र बांधून पाठवतं. म्हणून तिन्ही सुटे करून तपासा. एक खोटं निघालं की बाकीच्या दोघांचा आधार बराचसा जातो, कारण मजकुराला वजन व्हिडिओमुळे येतं आणि व्हिडिओला गावाचं नाव ऑडिओमुळे चिकटतं.

दुसरी गोष्ट, ‘हा व्हिडिओ खरा आहे का?’ असा प्रश्न घेऊन बसू नका. व्हिडिओ बरेचदा खराच असतो, म्हणजे कॅमेऱ्यासमोर ते घडलेलं असतं. खोटी असते ती त्याच्याखालची ओळ. विचारायचं ते एवढंच: हा कुठला, कधीचा आणि याचं पुढचं-मागचं काय कापलं आहे?

सुरुवात मजकुरापासून करा, कारण त्याला दोन मिनिटं लागतात. मेसेजवर दुहेरी बाण आणि ‘Forwarded many times’ दिसतंय का ते बघा. दुहेरी बाणाचा अर्थ असा, की मूळ पाठवणाऱ्यापासून तो मेसेज निदान पाच वेळा पुढे ढकलला गेला आहे. म्हणजे हे काकांनी पाहिलेलं नाही, काकांना ज्यांनी पाठवलं त्यांनीही पाहिलेलं नाही. ‘काका उगाच पाठवणार नाहीत’ हा विचार इथेच बाजूला ठेवा. काका भले असतील, पण या माहितीचे ते स्रोत नाहीत. मात्र बाण नसला म्हणजे मेसेज ताजा, असंही समजू नका. कुणी मजकूर कॉपी करून नव्याने टाकला किंवा व्हिडिओ फोनमध्ये साठवून परत चढवला, की बाण गळून पडतात.

आता मजकुरातून तपासता येण्याजोगं काय आहे ते वेगळं काढा: गाव, तारीख, पोलीस ठाणं, मुलाचं वय, गाडीचा नंबर. या जातीच्या मेसेजमध्ये तारीख जवळजवळ कधीच नसते. ‘काल रात्री’, ‘आजच’, ‘आत्ता बातमी आली’ असं असतं, आणि ‘काल’ हा शब्द चार वर्षांनीही शिळा होत नाही. गावाचं नाव तर दर वेळी बदललेलं असतं. म्हणून शोध घेताना गावाचं नाव वगळून मजकुरातले चार-पाच सलग शब्द घ्या, अवतरण चिन्हांत टाका आणि गूगलमध्ये शोधा. हाच मजकूर हिंदीत आधी फिरून गेलेला असण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा हिंदीतही शोधा:

```
"मुले पळवणारी टोळी" अफवा पोलीस
"बच्चा चोर गिरोह" वीडियो फैक्ट चेक
"मुले पळवणारी टोळी" before:2023-01-01
```

तिसऱ्या ओळीतला `before:` त्या तारखेच्या आधीची पानं दाखवतो. तुमच्या मेसेजमधलंच वाक्य दोन-तीन वर्षांपूर्वीच्या पानावर दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाने सापडलं, तर मजकुराचं काम संपलं. एक सावधगिरी: गूगल दाखवतं ती तारीख कधीकधी चुकते, म्हणून पान उघडून बातमीवर छापलेली तारीख बघा. मराठीत शोधताना शुद्धलेखनही आडवं येतं. मुले, मुलं, मुलांना, व्हिडिओ, व्हिडीओ. एका रूपात काही मिळालं नाही तर दुसरं टाकून बघा आणि शब्द कमी करा.

मग व्हिडिओ. खरी मेहनत इथे आहे, आणि उत्तरही बहुधा इथेच मिळतं.

व्हिडिओ आवाज बंद करून एकदा पूर्ण बघा. आवाज बंद का? कारण मागून कुणीतरी ‘बघा, बघा, कसं उचललं’ असं सांगत असतं आणि आपण ते ऐकून बघायला लागतो. नंतर पहिले तीन आणि शेवटचे तीन सेकंद अडवत-अडवत बघा. जनजागृतीच्या नावाखाली नट घेऊन केलेले व्हिडिओ यूट्यूब आणि फेसबुकवर ढिगाने आहेत. त्यांत ‘हा व्हिडिओ काल्पनिक आहे’ अशी बारीक अक्षरातली पाटी क्षणभर दिसते आणि पुढे पाठवणारा नेमका तेवढाच तुकडा कापतो. पाटी कापली तरी रचना लपत नाही. घटना घडायच्या आधीपासून कॅमेरा नेमका तिकडेच वळलेला आहे, एकच प्रसंग दोन-तीन कोनांतून दिसतो आहे, पळणाऱ्या माणसाचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं आहे, असं दिसलं तर तो बसवलेला प्रसंग समजा. खरा सीसीटीव्ही कॅमेरा सहसा जागचा हलत नाही आणि त्याच्या कोपऱ्यात तारीख-वेळ असते. तो कोपराच कापलेला असेल तर का कापला असेल, याचा विचार करा.

यानंतर स्क्रीनशॉट काढा. एकावर भागत नाही, पाच-सहा लागतात. आपण साहजिकच सर्वांत थरारक क्षणाचा स्क्रीनशॉट काढतो, आणि तोच शोधायला सर्वांत निरुपयोगी असतो, कारण हालचालीमुळे तो पुसट आलेला असतो. जिथे चित्र स्थिर आहे आणि मागचं बरंच काही दिसतंय, अशा जागा निवडा: दुकानाची पाटी, भिंतीवरचं लिखाण, रिक्षा, गाडीची नंबरप्लेट, विजेचे खांब. मग प्रत्येक स्क्रीनशॉट कातरा. वरची-खालची काळी पट्टी, कुणीतरी चिकटवलेला मराठी मजकूर, लाल गोल, बाण, इमोजी, सगळं काढून फक्त मूळ चित्र ठेवा. हे केलं नाही तर शोध त्या पट्टीचा होतो आणि तशीच पट्टी असलेली भलतीच चित्रं समोर येतात.

गूगलच्या ॲपमध्ये शोधपट्टीतल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर बोट ठेवलं की गूगल लेन्स उघडतं. त्यात कातरलेला स्क्रीनशॉट द्या. लेन्सला ‘यासारखं दिसणारं’ दाखवायची खोड आहे, कधी मुलाच्या शर्टाचीच दुकानं दाखवतं. तेव्हा ‘Exact matches’ हा पर्याय दिसला तर तो निवडा. तिथे काही नसेल तर `tineye.com` वर तेच चित्र चढवा आणि निकाल ‘Oldest’ प्रमाणे लावा. चित्रातली अक्षरं उलटी दिसत असतील तर कुणीतरी चित्र आरशासारखं फिरवलेलं आहे. फोनच्या गॅलरीत ते परत सुलट करून पुन्हा शोधा. संगणक हाताशी असेल तर क्रोम ब्राउझरसाठी InVID-WeVerify नावाचं मोफत एक्स्टेन्शन आहे. ते व्हिडिओतल्या महत्त्वाच्या चौकटी आपोआप सुट्या करून देतं आणि तिथूनच शोधायला पाठवतं.

निकाल वाचताना एक गोष्ट पक्की धरा. चित्र २०१६ च्या पानावर सापडलं, तर ते ‘काल’चं नाही, हे निर्विवाद सिद्ध झालं. उलट काहीच सापडलं नाही, तर ते नवं आहे असं सिद्ध होत नाही. फक्त शोध लागलेला नाही. खोटं पाडणं सोपं असतं, खरं ठरवणं अवघड. लोकांची गल्लत होते ती इथेच: लेन्सवर काही आलं नाही म्हणून ‘तपासलं, खरंच आहे’ असं सांगून मोकळे होतात.

आता तुम्ही ज्या प्रकारच्या व्हिडिओबद्दल लिहिलंय, त्यातला सर्वांत गाजलेला व्हिडिओ घेऊ. गल्लीत मुलं क्रिकेट खेळतायत, मोटारसायकलवर दोघं येतात, मागचा माणूस एका लहान मुलाला उचलतो आणि गाडी निघून जाते. २०१८ च्या उन्हाळ्यात हा व्हिडिओ भारतभर फिरला, दर ठिकाणी स्थानिक गावाच्या नावाने. मूळ व्हिडिओ कराचीतला आहे. रोशनी हेल्पलाइन ही हरवलेल्या मुलांसाठी काम करणारी तिथली संस्था. तिने २०१६ मध्ये पालकांना सावध करण्यासाठी तो करून घेतला होता. मूळ व्हिडिओ पुढे चालू राहतो. मोटारसायकल परत येते, मूल खाली उतरवलं जातं आणि तो माणूस एक फलक दाखवतो, की कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. फिरवणाऱ्यांनी गाडी वळणाआड जाते तिथेच व्हिडिओ तोडला. तोडलेल्या व्हिडिओतली एकही चौकट बनावट नव्हती, हे लक्षात घ्या. ‘एडिट केलंय का’ म्हणून कितीही डोळे फाडून पाहिलं असतं तरी काही दिसलं नसतं. उत्तर मिळत होतं ते फक्त मूळ व्हिडिओ शोधून. व्हिडिओ सर्वांत थरारक जागी अचानक संपत असेल, तर त्याचं पुढचं शोधायचं, हा धडा तिथून घ्यावा.

त्याच सुमारास मालेगाव-धुळे भागात आणखी एक क्लिप फिरत होती. ओळीने ठेवलेले लहान मुलांचे मृतदेह आणि सोबत, अवयव काढून घेणाऱ्या टोळीबद्दल सांगणारा आवाज. ते फोटो सीरियातल्या घौता इथे ऑगस्ट २०१३ मध्ये झालेल्या रासायनिक हल्ल्यातले होते. जगभरच्या बातम्यांत छापून आलेले फोटो, म्हणजे चित्र टाकून केलेल्या शोधात सहज सापडणारे. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. भिक्षा मागत फिरणारी, मंगळवेढ्याकडची माणसं होती ती. २०२२ च्या सप्टेंबरात जत तालुक्यातल्या लवंगा इथे पंढरपूरकडे निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. म्हणजे अशा मेसेजचा पहिला फटका कुणाला बसतो, तर गावात अनोळखी दिसणाऱ्या फिरस्त्याला. खऱ्या चोराचं त्यात काही बिघडत नाही.

ऑडिओ क्लिप तिघांत सर्वांत अवघड. आवाज टाकून शोधता येईल अशी हाताशी सोय नाही, आणि आपल्याच बोलीतला घाबरा आवाज कानात शिरला की माणूस डळमळतो. म्हणून आवाजाच्या मागे लागू नका, त्यातली नावं कागदावर लिहा. कुठलं ठाणं, कुठला दवाखाना, कुठली शाळा, किती मुलं, कोणता वार. बऱ्याच क्लिपमध्ये लिहायला घेतलं की कागद कोराच राहतो: ‘आपल्या शेजारच्या गावात’, ‘माझ्या मित्राच्या भावाने पाहिलं’, ‘पोलीस दाबतायत’. शेवटचं वाक्य आलं की विशेष सावध व्हा. पोलिसांना विचारायचंच नाही अशी सोय आधीच करून ठेवलेली असते.

नावं मिळाली तर पोलीस ठाण्याला फोन करा. नंबर मेसेजमधला घेऊ नका, जिल्हा पोलिसांच्या संकेतस्थळावरून घ्या. आणि ‘टोळी आलीय म्हणतात, खरं आहे का?’ असं विचारू नका. त्यावर ‘काळजी घ्या’ एवढंच उत्तर मिळेल. असं विचारा: ‘अमुक गावातलं मूल पळवल्याचा गुन्हा या आठवड्यात आपल्याकडे दाखल आहे का?’ यामागे पक्कं कारण आहे. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनच्या खटल्यात आदेश दिला, की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. तेव्हा तुमच्या तालुक्यातून खरोखर तीन मुलं गेली असतील, तर तीन गुन्हे कुठेतरी नोंदलेले असायला हवेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध केलेले एफआयआर बघता येतात. पण तिथे दिसलं नाही म्हणून घडलंच नाही असं ठरवू नका, कारण संवेदनशील गुन्ह्यांचे एफआयआर तिथे टाकत नाहीत. फोनच जास्त भरवशाचा. शिवाय जिल्हा पोलिसांचं फेसबुक किंवा एक्सवरचं खातं बघा. अफवा जोरात असली की ‘अशी कोणतीही घटना घडलेली नाही’ हे आवाहन बहुधा तिथेच आधी येतं.

क्लिपमध्ये आकडा असेल, उदाहरणार्थ ‘राज्यात इतकी हजार मुलं गायब’, तर तो आकडा खरा असूनही फसवा असू शकतो. हरवल्याच्या नोंदींत घरातून रागावून निघून गेलेली, प्रेमप्रकरणात गेलेली, दोन दिवसांत परत आलेली मुलंही धरलेली असतात, आणि वर सांगितलेल्या आदेशामुळे ती सगळी कागदावर ‘अपहरण’ म्हणून येतात. टोळीने नेलेल्या मुलांचा तो आकडा नव्हे. अशा आकड्यासमोर लगेच दुसरा आकडा शोधावा: त्यातली किती परत सापडली? मेसेजमध्ये तो कधीच दिलेला नसतो.

कधी मेसेजसोबत वर्तमानपत्राचं कात्रण किंवा पोलिसांच्या लेटरहेडवरचं पत्र असतं. कात्रण असेल तर त्या वर्तमानपत्राचा त्या तारखेचा, त्या आवृत्तीचा ई-पेपर उघडून बातमी आहे का बघा. कात्रणावर तारीखच नसेल तर मथळा गूगलमध्ये टाका. पत्रावर जावक क्रमांक, दिनांक आणि सही करणाऱ्याचं पद हे तिन्ही आहे का ते पाहा, आणि असलं तरी ठाण्यात विचारल्याशिवाय धरू नका. लेटरहेड कुणालाही छापता येतं.

एवढा खटाटोप करायचा नसेल तर आधी दुसऱ्या कुणी केलाय का ते शोधा. गूगलचं `toolbox.google.com/factcheck/explorer` हे पान फक्त पडताळणी केलेल्या बातम्यांत शोध घेतं. तिथे मराठी, हिंदी दोन्ही शब्द टाकून बघा. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज यांची पडताळणी मराठीत वाचायला मिळते, बूम आणि ऑल्ट न्यूजची हिंदी-इंग्रजीत. पीआयबी फॅक्ट चेककडे मात्र केंद्र सरकारशी संबंधित दावेच पाठवा. तालुक्यातल्या टोळीची चौकशी त्यांच्या कक्षेत येत नाही. पडताळणी वाचतानाही तिथला व्हिडिओ आणि तुमचा व्हिडिओ एकच आहे ना, हे मागच्या भिंती, कपडे, गाडी जुळवून बघा. एका जुन्या व्हिडिओची पडताळणी दुसऱ्याच व्हिडिओला चिकटवून ‘फेक आहे’ म्हणणारेही असतात.

आता बहिणीला काय पाठवायचं. व्हिडिओ खोटा ठरला, तर अर्थातच नाही. काही ठरवता आलं नाही, तरीही नाही; आणि ‘खरं आहे का बघ गं’ असं लिहूनही नको. तुमचं वाक्य तुमच्यापाशी राहतं, व्हिडिओ मात्र तिच्याकडून पुढे एकटाच जातो. तिला सावध करायचं असेल तर व्हिडिओशिवाय, आपल्या शब्दांत लिहा: शाळेतून कोण आणणार ते ठरव, अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही हे मुलांना सांग. याला कुठल्या टोळीची गरज नाही. आणि कुणाबद्दल खरंच संशय आला तर ११२ ला, मुलाबद्दल काळजी वाटली तर १०९८ ला फोन करायचा. ग्रुपवर फोटो टाकायचा नाही.

काकांना ग्रुपवर सर्वांसमोर ‘हे फेक आहे’ म्हणू नका. मोठ्या माणसाला ते लागतं, आणि मग तो वादाला उभा राहतो. आधी त्यांना स्वतंत्र मेसेज करा. नेमकं आणि छोटं लिहा. समजा व्हिडिओ तोच कराचीचा निघाला, तर असं:

‘काका, तुम्ही टाकलेला मोटारसायकलवाला व्हिडिओ कराचीचा आहे, २०१६ चा. एका संस्थेने पालकांसाठी केला होता, शेवटी मूल परत आणून देतात तो भाग कापलाय. मी ठाण्यातही विचारलं, आपल्याकडे असा गुन्हा नाही. ग्रुपवर तुम्हीच सांगितलंत तर सगळे ऐकतील.’

यात ठिकाण, वर्ष आणि कापलेला भाग अशा तीन तपासता येणाऱ्या गोष्टी आहेत, आणि चूक सुधारण्याचा मान काकांकडेच राहतो. ठाण्याचं वाक्य अर्थातच फोन केला असेल तरच लिहा. मूळ व्हिडिओची लिंक द्या, पण कापलेला व्हिडिओ पुन्हा जोडू नका.

काकांनी ऐकलं, तर ‘Delete for everyone’ साठी त्यांच्याकडे मेसेज पाठवल्यापासून साधारण अडीच दिवस असतात. ती वेळ टळली असेल किंवा काका ऑनलाइनच नसतील, तर ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्याचा मेसेजही सर्वांसाठी काढू शकतो. काढल्यावर ॲडमिनने का काढला ते एका ओळीत लिहावं, नाहीतर ‘दाबलं’ म्हणून तीच क्लिप दुसऱ्या दिवशी दुसरं कुणीतरी परत टाकतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली, लोकांत घबराट पसरवणारी खोटी माहिती किंवा अफवा पसरवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही ॲडमिनला माहीत असलेलं बरं. पण घरच्या ग्रुपवर हे कलम पहिल्याच वाक्यात काढू नका. काका पुढचा मेसेज तुमच्या नजरेआड, गावच्या ग्रुपवर टाकतील.